रोड टॅक्सचा रिफंड मागायला गाडीमालकालाच दोन राज्यांत का पळवता? परिवहन खात्यांना खुलं पत्र

प्रति,
केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालय,
आणि सगळ्या राज्यांचे परिवहन आयुक्त

विषय: दुसऱ्या राज्यात नेलेल्या खाजगी गाडीची एनओसी, नवा नंबर आणि जुन्या राज्याकडून परत यायचा रोड टॅक्स

नमस्कार,

नोकरीमुळे राज्य बदलणाऱ्या घरांपैकी आमचं एक घर आहे आणि आमच्या ओळखीतली बरीच मराठी कुटुंबं अशीच इकडून तिकडे गेलेली आहेत, त्यामुळे गाडीचे कागद घेऊन कोणी ना कोणी माझ्याकडे येतच असतं, ताई हे बघा ना आता पुढे काय करायचं म्हणून. या सगळ्या केसेस बघून एक गोष्ट मला पक्की कळलीय, की एनओसी काढणं आणि नवा नंबर घेणं कटकटीचं असलं तरी ते होतं, लोक रडतखडत करतात. खरा अडकतो तो रिफंड. म्हणून हे पत्र मुख्यतः त्या रिफंडबद्दल आहे, पण तिथपर्यंत पोचायला एनओसीपासून सुरुवात करावी लागेल कारण गाठ तिथेच बसायला सुरुवात होते.

एका उदाहरणावर बोलते म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. समजा एका बाईंनी 2021 मध्ये महाराष्ट्रात पेट्रोल कार घेतली, टॅक्ससाठी धरलेली किंमत 9 लाख. 10 लाखाच्या आतल्या पेट्रोल कारला महाराष्ट्रात तेव्हा एकरकमी टॅक्स 11 टक्के होता, म्हणजे 99,000 रुपये शोरूममधून गाडी बाहेर काढतानाच भरले. हा टॅक्स एका वर्षाचा नसतो, पुढच्या 15 वर्षांचा एकदम घेतलेला असतो, हे लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं यावरच आहे. चार वर्षांनी बाईंची बदली झाली, कर्नाटकात. आता गाडी तिकडे कायमची राहणार.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 47 काय सांगतं, की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिकडचा नवा नंबर घ्यायला अर्ज करायचा. आणि त्या अर्जाला जुन्या आरटीओची एनओसी लागते, ती कलम 48 प्रमाणे. इथपर्यंत कोणाची तक्रार नाही. 12 महिने हा नंबर बदलायचा कायदा आहे आणि टॅक्स हा राज्याचा विषय आहे, राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात राज्यसूचीमध्ये 57 नंबरला वाहनांवरचा कर आहे, त्यामुळे नंबर कधी बदलायचा हे दिल्ली ठरवते आणि पैसे किती व कधी हे राज्य ठरवतं. गाडीमालकाला हे दोन वेगळे आहेत हे कोणीच सांगत नाही, त्याला रस्त्यावर अडवल्यावरच कळतं, आणि तेव्हा त्याच्याकडे वाद घालायला ना माहिती असते ना वेळ.

एनओसीसाठी फॉर्म 28 असतो. वाहन पोर्टलवर, म्हणजे parivahan.gov.in वरून, अर्ज भरून फी भरायची, मग आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, टॅक्स भरल्याची पावती, फॉर्मवर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट, लोन असेल तर बँकेची संमती, आणि गाडी चोरीच्या केसमध्ये नाही याचा पोलिसांचा किंवा एनसीआरबीचा रिपोर्ट. एखादं ई-चलन बाकी असेल तर काम तिथेच थांबतं. जुनं चलन, कुठल्या तरी शहरात सिग्नलला फोटो निघालेला, मेसेज जुन्या मोबाईल नंबरवर गेलेला, अशा चलनापायी लोकांचं सगळं आठवडे अडलेलं मी पाहिलंय. म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकाला आधी सांगते की फॉर्म नंतर भरा, आधी चलन बघा आणि मोबाईल नंबर आरसीला अपडेट करा, कारण ओटीपी त्याच नंबरवर येणार.

आता मंत्रालयाने नीट वाचावी अशी गोष्ट. कलम 48 मध्ये असं स्पष्ट आहे की अर्ज मिळाला की आरटीओने पावती द्यायची, आणि 30 दिवसांत एनओसी द्यायची किंवा नाकारायची, नाकारली तर कारण लिहून कळवायचं. 30 दिवसांत नाकारल्याचं कळवलंच नाही तर एनओसी दिली असं समजायचं. एवढंच नाही, कलम 47 मध्ये पुढची सोयसुद्धा करून ठेवलीय, की एनओसी मिळाली नसेल तर अर्जाची ती पावती, किंवा अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला असेल तर पोस्टाची पोच, आणि सोबत मला नकार कळवलेला नाही असं प्रतिज्ञापत्र, एवढ्यावर नव्या राज्यात अर्ज करता येतो. म्हणजे 1988 साली कायदा लिहिणाऱ्यांनी विचार केला होता की ऑफिस गप्प बसलं तर माणसाने अडकून पडू नये.

पण हे कागदावरच राहिलंय. नव्या आरटीओच्या खिडकीवर पावती आणि प्रतिज्ञापत्र घेऊन जा, काय उत्तर मिळतं, सिस्टीममध्ये एनओसी दिसत नाही, पुढे जाताच येत नाही. आणि तो क्लार्क खोटं बोलत नसतो, खरंच स्क्रीनवर जुन्या आरटीओने एनओसी टाकली नसेल तर त्याला गाडीचा रेकॉर्ड ओढताच येत नाही. म्हणजे कायद्याने दिलेला हक्क सॉफ्टवेअरमध्ये बसवलेलाच नाही. हे राज्याराज्याचं दुखणं नाही, वाहन पोर्टल केंद्राचं आहे, एनआयसीने बनवलेलं आहे, हे मंत्रालयाच्या हातातलं काम आहे. तिसावा दिवस संपला आणि नकार टाकलेला नसेल तर एकतिसाव्या दिवशी सिस्टीमनेच एनओसी उघडून द्यावी, त्यावर तसं लिहून. चोरीचा रिपोर्ट किंवा थकलेला टॅक्स याची अडचण असेल तर ऑफिसने 30 दिवसांत तसा नकार टाकावा ना, कायदा तेवढंच तर मागतो. गप्प बसून राहायची मुभा कोणालाच नको.

आणि एक छोटं, पण लोक इथे फार फसतात. एनओसी कोणत्या आरटीओच्या नावाने हवी ते अर्जातच निवडावं लागतं. बदलीची ऑर्डर एका शहराची असते, घर मिळतं दुसऱ्या आरटीओच्या हद्दीत, किंवा बदलीच रद्द होते, आणि मग ती एनओसी बदलायला किंवा रद्द करायला नव्या आरटीओकडून आमच्याकडे ही गाडी नोंदलेली नाही असं पत्र आणा म्हणतात. दोन्ही ऑफिसं एकाच पोर्टलवर, गाडी नोंदली की नाही हे दोघांना दिसतं, तरी पत्र आणायला माणूस. एनओसी राज्याच्या नावाने द्या, त्या राज्यातल्या कोणत्याही आरटीओत चालेल अशी. यात कोणाचा काय तोटा आहे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

असो, एनओसी मिळाली असं धरून पुढे जाऊ. बाई गाडी घेऊन नव्या राज्यात आल्या. आता फॉर्म 27 नव्या नंबरसाठी, पत्ता बदलला म्हणून फॉर्म 33, नव्या पत्त्याचा पुरावा, म्हणजे बहुतेकांचं भाडेकरार, आणि गाडी इन्स्पेक्शनला न्यायची, तिथे चेसिस आणि इंजिन नंबर तपासतात. मग टॅक्स. इथे मूळ इनव्हॉइस फार कामाचं असतं कारण नवं राज्य टॅक्स काढताना गाडीची मूळ किंमत धरतं आणि तिच्या वयाप्रमाणे सूट देतं. इनव्हॉइस हरवलं असेल तर किंमत कुठली धरायची यावरच गाडं थांबतं, म्हणून सांगते, शोरूमचं बिल आरसीइतकंच जपून ठेवा, फोटो काढून ईमेलला टाकून ठेवा.

हिशोब बघा. कर्नाटकात 5 ते 10 लाखाच्या गाडीला आजीवन टॅक्स 14 टक्के धरतात, वर सेस वेगळा, तो मी सोडून देते. 9 लाखाचे 14 टक्के म्हणजे 1,26,000. गाडी चार वर्षांची झालीय म्हणून पूर्ण भरायला लागत नाही. प्रत्येक राज्याचा घटत्या टक्क्यांचा आपापला तक्ता आहे आणि तो सरळ रेषेत उतरत नाही, पण समजायला सोपं जावं म्हणून मी दोन्हीकडे वर्षांच्या प्रमाणातच धरते, 15 पैकी 11 वर्षं उरली. तर नव्या राज्याला द्यायचे 92,400. आणि जुन्या राज्याने 99,000 घेतले होते, त्यातले 11 वर्षांचे 72,600 त्या बाईंचे परत यायला हवेत. दोन्हीतला फरक 19,800, तो मान्य आहे, नव्या राज्याचा दर जास्त आहे, तिथले रस्ते वापरणार, द्यायलाच हवेत, त्याबद्दल एका शब्दाने तक्रार नाही.

तक्रार त्या 72,600 ची आहे. कारण आधी नव्या राज्यात 92,400 खिशातून भरायचे, नवी आरसी हातात घ्यायची, आणि मगच जुन्या राज्याकडे रिफंड मागता येतो. त्याला पुरावा म्हणून लागतं काय काय, तर जुनी आरसी, एनओसीची कॉपी, जुन्या टॅक्सची पावती, नवी आरसी, नव्या टॅक्सची पावती, ओळखपत्र, रद्द केलेला चेक, आणि एखादी पावती सापडत नसेल तर बाँड पेपरवर हमीपत्र. हे सगळं घेऊन जायचं कुठे, तर ज्या राज्यातून तुम्ही निघून आलात तिथे. बऱ्याच ठिकाणी मूळ कागद हातात दाखवावे लागतात, म्हणून रजा टाकून रेल्वेने जाऊन यायचं, किंवा आई-वडील तिथे असतील तर त्यांना सत्तरीत त्या रांगेत उभं करायचं, किंवा एजंटला रिफंडचा मोठा हिस्सा द्यायचा. कित्येक लोक इथे सोडून देतात. माझ्याकडे कागद घेऊन येणाऱ्यांपैकी कितीतरी जण रिफंडचं नाव काढलं की हात झटकतात, जाऊ दे ताई, ते पैसे गेले असं समजा. ते गेलेले नाहीत. ते पुढच्या 11 वर्षांचे आधी घेतलेले पैसे आहेत, आणि ज्या रस्त्यावर ती गाडी आता धावतच नाही त्या रस्त्याचे आहेत.

ज्यांनी सोडलं नाही त्यांचं काय होतं तेही सांगते. अर्ज आत गेला की पहिली गोष्ट, जुनं ऑफिस नव्या ऑफिसला पत्र पाठवतं, ही गाडी खरंच तुमच्याकडे नोंदली का, टॅक्स खरंच भरला का. हे पत्र पोस्टाने जातं, कुठल्यातरी टेबलावर पडतं, उत्तर यायचं तेव्हा येतं. उत्तर आल्यावर टॅक्सच्या रेकॉर्डशी ताळा, मग रक्कम काढायची, मग अधिकाऱ्याची मंजुरी, मग बिल करून कोषागारात, आणि तिथे बजेटमधल्या रिफंडच्या हेडखाली पैसे शिल्लक असतील तर बँकेत जमा. आमच्या ओळखीतल्या एका काकांची फाईल याच पहिल्या पत्रावर अडकली होती, नवं ऑफिस म्हणे पत्र आलंच नाही, जुनं म्हणे पाठवलं, जावक नंबर घ्या. काका तो जावक नंबर घेऊन दोन्हीकडे फोन करत राहिले. कोणत्या ऑफिसात ते सांगत नाही, कारण तिथल्या माणसांशी माझं भांडण नाही, ते नियमात सांगितलंय तसंच करत होते.

माझं भांडण त्या नियमाशी आहे, कारण कायद्यात उलटं लिहिलंय. हेच कलम 47, त्यात असं म्हटलंय की नवा नंबर देणाऱ्या ऑफिसने जुन्या ऑफिसशी पत्रव्यवहार करून गाडीची नोंद त्यांच्या रेकॉर्डमधून आपल्या रेकॉर्डमध्ये आणायची व्यवस्था करायची. करायची कोणी, तर ऑफिसने. गाडीमालकाने नव्हे. म्हणजे ज्या दिवशी कर्नाटकात नवा नंबर पडला त्या दिवशी त्या ऑफिसने जुन्या ऑफिसला कळवणं हे त्याचं कायदेशीर काम झालं, आणि आज पोर्टलमुळे ते कळवणं पत्राशिवाय होतंसुद्धा, जुन्या नंबरची गाडी शोधा, ती दुसरीकडे गेल्याचं लगेच दिसतं. मग त्याच गोष्टीची खात्री करायला परत पोस्टाचं पत्र कशाला? आणि नव्या आरसीची झेरॉक्स मालकाकडून कशाला? जी माहिती तुमच्याकडे आधीच आहे तीच तुम्ही माणसाकडून परत परत सिद्ध करून मागताय.

म्हणून माझी मुख्य मागणी अगदी साधी आहे. नवा नंबर ज्या दिवशी पडेल त्याच दिवशी पोर्टलने जुन्या राज्यात रिफंडची केस आपोआप उघडावी. लागणारं सगळं तिथे आहेच, जुना टॅक्स किती आणि कधी भरला, एनओसी कधी दिली, नवा टॅक्स किती आणि कधी भरला, मालक तोच आहे का. बँक खातं एवढंच विचारायचं राहतं, ते एनओसीच्या अर्जातच विचारून घ्या. ज्या जुन्या गाड्यांचा टॅक्स हाताने लिहिलेल्या रजिस्टरात आहे, पोर्टलवर चढवलेला नाही, तिथे अडचण येईल हे मला माहीत आहे, पण त्याचीही वेळ एनओसी देतानाच आहे. एनओसी देण्याआधी टॅक्स भरलाय की नाही हे तपासायला कलम 48 सांगतंच, तर त्याच वेळी ती नोंद पोर्टलवर चढवा. तपासलंच नसेल तर एनओसी कशी दिली, आणि तपासलं असेल तर रिफंडच्या वेळी परत मूळ पावती का मागता.

दुसरी गोष्ट तारखेची, आणि ही वरवर छोटी वाटली तरी पैशाच्या हिशोबाने मोठी आहे. रिफंड कोणत्या तारखेपासून मोजायचा? एनओसी दिली ती तारीख, गाडी राज्याबाहेर गेली ती, नवा टॅक्स भरला ती, का रिफंडचा अर्ज केला ती? आमच्या उदाहरणात वर्षाला टॅक्स पडतो 6,600. नव्या राज्यात टॅक्स भरला, नंबर पडला, आणि मग आजारपण म्हणा मुलांच्या परीक्षा म्हणा, रिफंडचा अर्ज करायला वर्ष गेलं. अर्जाची तारीख धरली तर त्या एका वर्षाचे 6,600 गेले, आणि त्या वर्षाचा टॅक्स दोन्ही राज्यांनी घेतला. एकाच गाडीवर एकाच काळाचा टॅक्स दोघांकडे, हे कुठल्याच तत्त्वात बसत नाही. तारीख एकच योग्य आहे, नव्या राज्याने ज्या दिवसापासून टॅक्स लावला तो दिवस. एकाचा जिथे सुरू होतो तिथे दुसऱ्याचा संपतो. सगळ्या राज्यांनी मिळून हे एक ठरवलं तरी निम्मे वाद संपतील, आणि टक्क्यांचे तक्ते तुमचे तुम्ही वेगळे ठेवा, त्यात मी पडत नाही.

तक्त्यावरून आठवलं. एनओसी मागताना माणसाला हे कळतच नाही की त्याला परत किती मिळणार. त्यामुळे एजंट जो आकडा सांगेल तो खरा. एनओसीच्या कागदावरच छापा, या गाडीवर इतका टॅक्स भरलेला आहे, अमुक वयात दुसऱ्या राज्यात नोंदली तर इतका परत, त्याच्या पुढच्या वर्षी नोंदली तर इतका. म्हणजे माणूस वेळेवर नोंद करेल. आज उलटं होतंय, 92,400 एकदम भरायचे आणि परत कधी येतील माहीत नाही म्हणून लोक जुन्याच नंबरवर वर्षानुवर्षं गाडी चालवतात आणि नवं राज्य म्हणतं की बाहेरच्या नंबरच्या गाड्या टॅक्स बुडवतात. बुडवणारे असतीलही, नाही म्हणत नाही. पण बऱ्याच पगारदार माणसांकडे एकदम भरायला तेवढे नसतात आणि त्यांचेच 72,600 दुसरीकडे अडकलेले असतात.

यावर कोणी म्हणेल की बीएच सिरीज आहे ना. आहे, आणि चांगली आहे. ऑगस्ट 2021 मध्ये मंत्रालयाने काढली, 15 सप्टेंबर 2021 पासून लागू झाली, त्यात 15 वर्षांचा टॅक्स एकदम घेत नाहीत, दोन दोन वर्षांचा घेतात, 10 लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला 8 टक्क्यांच्या दराने, आणि राज्य बदललं तरी नंबर बदलावा लागत नाही. पण ती कोणाला मिळते, तर सैन्यदलातले, केंद्र आणि राज्य सरकारी कर्मचारी, सरकारी कंपन्यांतले, आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिसं असलेल्या खाजगी कंपनीतले लोक, तेही कंपनीने फॉर्म 60 दिला तर. छोट्या कंपनीत काम करणारा, स्वतःचं दुकान असलेला, लग्न होऊन दुसऱ्या राज्यात गेलेली मुलगी, निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेलेले आजोबा, यांना ती नाही. डिसेंबर 2022 मध्ये नियम बदलून जुन्या साध्या नंबरची गाडीही बीएचमध्ये नेता येते असं केलं, पण त्यासाठीही माणूस पात्र लागतो आणि आधी भरलेल्या 15 वर्षांच्या टॅक्सचं काय हा प्रश्न तिथेही उभाच राहतो. तरी बीएचमुळे एक गोष्ट सिद्ध झाली, की टॅक्स काळाच्या तुकड्यांत मोजून घेता येतो आणि पोर्टलला तो हिशोब ठेवता येतो. मग तोच हिशोब परत देताना का जमू नये.

तिसरी मागणी मुदतीची. एनओसीला कायद्यात 30 दिवस आहेत, नंबर बदलायला मालकाला 12 महिने आहेत, पत्ता बदलल्याचं कळवायला कलम 49 प्रमाणे 30 दिवस आहेत, उशीर झाला तर मालकाला दंड आहे. रिफंड देणाऱ्यालाही अशीच मुदत घाला, नवा नंबर पडल्यापासून 60 दिवस म्हणा, आणि त्यापुढे व्याज. हे काही मी नवीन मागत नाहीये. इन्कम टॅक्सचा रिफंड उशिरा आला तर महिन्याला अर्धा टक्का व्याज मिळतं. 72,600 वर अर्धा टक्का म्हणजे महिन्याला 363 रुपये. सरकारला हा आकडा काहीच नाही, पण तो लागू झाला की फाईल कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे हे वरचे अधिकारी विचारायला लागतील, आणि व्याज मागण्यामागे माझा हेतू खरं तर तोच आहे. कोषागारात हेडखाली पैसे नाहीत हे कारणही तेव्हाच बंद होईल, कारण दरवर्षी किती एनओसी बाहेर गेल्या हे आयुक्तांना माहीत असतं, त्यावरून पुढच्या वर्षी रिफंडला किती लागतील याचा अंदाज बजेटमध्येच धरता येतो.

केंद्र आणि राज्य यांच्यात कोणी काय करायचं यावर हे परत अडकू नये म्हणून स्पष्ट लिहिते. पोर्टलवर केस आपोआप उघडणं, तिसाव्या दिवसानंतर एनओसी आपोआप खुली होणं, राज्याच्या नावाची एनओसी, ही मंत्रालयाची कामं आहेत, फॉर्म 28 केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला आहे, तो बदलायला कोणत्या राज्याची विधानसभा लागत नाही. रिफंडची तारीख, मुदत, व्याज आणि बजेट ही राज्यांची कामं आहेत कारण टॅक्स त्यांचा. दोघांनी एकमेकांची वाट न बघता आपापलं करायला घेतलं तरी लोकांना फरक पडेल. एखाद्या राज्याने एकट्याने फक्त एवढं केलं, की आमच्याकडून बाहेर गेलेल्या गाडीची नवी नोंद पोर्टलवर दिसली तर ती आम्ही पुरावा म्हणून धरू आणि नव्या ऑफिसला पत्र पाठवणार नाही, तरी त्या काकांसारख्या फाईली हलतील. त्याला कायदा बदलायला नको, आयुक्तांचं एक परिपत्रक पुरे.

नंबर बदलल्यावर मालकाला अजून बरीच कामं असतात, नव्या नंबरची एचएसआरपी लावायची, इन्शुरन्स पॉलिसीवर नवा नंबर चढवायचा, नाहीतर अपघातात क्लेम अडतो, फास्टॅग नव्या नंबरला जोडायचा, पीयूसी परत काढायचं. ही सगळी तो स्वतः करतो आणि करायलाच हवीत. त्याच्याकडून यापुढे फक्त रिफंडचं काम काढून घ्या.

या पत्राला उत्तर म्हणून तुमच्यापैकी कोणाही आयुक्तांनी आपल्या राज्याचं रिफंडचं परिपत्रक, टक्क्यांचा तक्ता आणि सध्या किती अर्ज किती दिवसांपासून बाकी आहेत हा आकडा आपल्या वेबसाईटवर टाकला तर तो मी इथल्या सगळ्या लोकांपर्यंत पोचवेन, आणि ज्यांनी कंटाळून सोडून दिलंय त्यांना परत अर्ज करायला लावेन.

कळावे,
राज्य बदलून आलेली एक गाडीमालक